सोळा जीबीची एकच स्टिक: सांगलीतल्या एका मशीनचं प्रकरण

मशीन तसं नवंच होतं. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा दोन रॅम स्लॉटवाला मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी. वेगळं ग्राफिक कार्ड नाही, कारण या प्रोसेसरच्या पोटातच वेगा ७ ग्राफिक असतं आणि कॉलेजच्या पोराला तेवढं पुरतं. बिलावर रॅमपुढे ‘१६ जीबी, ३२००’ असं लिहिलेलं. कागदावर बघितलं तर नाव ठेवायला जागा नाही.

मालक विश्रामबागेत राहणारा, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. त्याची तक्रार नेमकी होती आणि म्हणूनच मला आवडली. ‘मशीन स्लो आहे’ एवढंच सांगणारे रोज येतात. हा म्हणाला, “दादा, माझ्या मित्राकडं हाच प्रोसेसर आहे. जीटीए फाइव्ह दोघंही फुल एचडीवर, नॉर्मल सेटिंगला चालवतो. त्याच्याकडं साठच्या वर फ्रेम मिळतात, माझ्याकडं चाळीस. आणि गर्दीच्या रस्त्यावर गाडी घातली की झटके देतं ते वेगळंच.” ब्लेंडरमध्येही मटेरियल प्रीव्ह्यू लावून मॉडेल फिरवलं की चित्र अडखळायचं. बाकी विंडोज लख्ख उघडत होतं, ब्राउझरला काही त्रास नव्हता.

सोबत वडील होते. मार्केट यार्डात हळदीची अडत. त्यांचं एकच म्हणणं: “सोळा जीबी सांगितली, सोळा जीबी घातली. मग कमी कुठं पडतंय?”

आधी झालेले उपाय

माझ्याकडे येण्याआधी मशीनवर बरेच हात फिरले होते. फॉरमॅट मारून झाला होता, ग्राफिकचा ड्रायव्हर नवा टाकला होता, थर्मल पेस्ट बदलली होती. शिवाय कुणीतरी बायोसमध्ये जाऊन `UMA Frame Buffer Size` हे सेटिंग ऑटोवरून थेट ४ जीबीवर नेऊन ठेवलं होतं. हा उपाय फार लोकप्रिय आहे, आणि या तक्रारीवर तो जवळजवळ कधीच लागू पडत नाही, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

इनबिल्ट ग्राफिकला स्वतःची मेमरी नसते. मदरबोर्डवर लावलेल्या रॅममधलाच एक तुकडा ते वापरतं. त्या सेटिंगने ठरतं ते एवढंच, की किती रॅम सुरुवातीलाच ग्राफिकच्या नावाने बाजूला काढून ठेवायची. बाजूला काढलेला तुकडाही त्याच स्टिकवर असतो आणि तिथपर्यंत जायचा रस्ताही तोच. त्यामुळे राखीव जागा वाढते, वेग वाढत नाही. काही गेम सुरू होताना ‘ग्राफिक मेमरी अमुक इतकी हवी’ म्हणून अडून बसतात, तिथे याचा उपयोग होतो. इथे झालं उलटंच. विंडोजच्या माहितीच्या पानावर सोळापैकी बारा जीबीच्या आसपासच वापरण्याजोगी दिसत होती. म्हणजे पोराच्या ब्लेंडरच्या तोंडचे चार जीबी कमी केले आणि गेम होता तिथेच राहिला.

शेवटचा सल्ला मिळाला होता तो ‘स्वस्तातलं जीटी १०३० कार्ड टाका’ असा. त्यासाठी वडील पैसे काढायच्या बेतात होते. त्याकडे पुढे येतोच.

काय दिसलं

पहिल्यांदा पाहायचं ते तापमान, कारण एप्रिलमध्ये सांगलीत बंद खोलीतलं कॅबिनेट तापून प्रोसेसरने वेग उतरवणं ही अगदी रोजची गोष्ट. गेम चालू ठेवून पाहिलं. प्रोसेसर सत्तरच्या आत, ग्राफिकचा क्लॉक १९०० मेगाहर्ट्झवर ठाम. म्हणजे उष्णतेमुळे काही उतरत नव्हतं. प्रोसेसरचा वापर चाळीस टक्क्यांच्या आसपास, ग्राफिकचा मात्र ९८-९९.

इथेच बहुतेकांची दिशा चुकते. ग्राफिक ९९ टक्के दिसलं की निदान ठरलेलं: ‘ग्राफिक कमी पडतंय, कार्ड टाका’. पण त्या आकड्याचा अर्थ ‘ग्राफिककडे काम आहे’ एवढाच. ते काम करतंय की मेमरीतून माहिती यायची वाट बघत उभं आहे, हे त्यात कळत नाही. वाट बघणारं ग्राफिकसुद्धा टास्क मॅनेजरला कामात गुंतलेलंच दिसतं.

मग टास्क मॅनेजरच्याच `Performance` मध्ये `Memory` वर गेलो. तिथे खाली दोन ओळी असतात, ज्यांच्याकडे कुणी बघत नाही. एक, `Slots used: 1 of 2`. दुसरी, `Speed: 2667 MT/s`. प्रकरणाचं निम्मं उत्तर या दोन ओळींत होतं. एकच स्टिक, आणि तीही बिलावरच्या ३२०० ऐवजी २६६६ ला चालणारी.

सीपीयू-झेड या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हेच जास्त स्पष्ट दिसतं. त्याच्या `Memory` टॅबवर `Channel #` पुढे `1 x 64-bit` असं होतं. जुन्या आवृत्तीत तिथे `Single` लिहून येतं. तिथेच `DRAM Frequency` पुढे १३३३ दिसल्यावर पोरगा घाबरला. डीडीआर मेमरी क्लॉकच्या एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवते, म्हणून १३३३ चे २६६६ धरायचे. ज्यांना काही डाउनलोड करायचं नाही त्यांनी पॉवरशेलमध्ये ही ओळ टाकावी:

```
Get-CimInstance Win32_PhysicalMemory | Select-Object DeviceLocator, Capacity, ConfiguredClockSpeed
```

जेवढ्या स्टिक तेवढ्या ओळी येतात, आणि शेवटच्या रकान्यात रॅम आत्ता खरोखर कोणत्या वेगाने चालली आहे तो आकडा.

हिशेब

या प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरकडे दोन चॅनेल आहेत. प्रत्येक चॅनेल ६४ बिट, म्हणजे ८ बाइट रुंद. दोन स्लॉटच्या बोर्डावर एक स्लॉट एका चॅनेलला जोडलेला असतो, दुसरा दुसऱ्याला. दोन्ही स्लॉट भरले की कंट्रोलर पत्ते छोट्या-छोट्या तुकड्यांत दोन्हीकडे आळीपाळीने वाटतो. मग सलग माहिती मागितली की ती दोन्हीकडून एकाच वेळी येते. एक स्लॉट रिकामा ठेवला तर त्या चॅनेलच्या सगळ्या तारा बोर्डावर नुसत्या पडून राहतात.

२६६६ ला चालणारी एक स्टिक: २६६६ × ८, म्हणजे सेकंदाला सुमारे २१.३ जीबी. तीच ३२०० ला: २५.६ जीबी. दोन स्टिक ३२०० ला: ५१.२ जीबी. ही सैद्धांतिक कमाल आहे, प्रत्यक्षात सगळ्याच आकड्यांतून थोडं कमी मिळतं, पण तुलनेला एवढं पुरे.

आता मागणी किती ते बघू. फुल एचडी चित्रात १९२० × १०८०, म्हणजे वीस लाखांवर पिक्सेल. प्रत्येकाला ४ बाइट धरले तर तयार चित्र ८.३ एमबीचं. सेकंदाला साठ चित्रं पडद्यावर न्यायची तर अर्धा जीबीच लागतो. हा आकडा ऐकून कुणालाही वाटेल की २१ जीबी म्हणजे चिक्कार. पण ते झालं तयार चित्र नुसतं दाखवणं. ते तयार होताना एकेक पिक्सेल कितीदा तरी लिहिला आणि वाचला जातो. कोणती वस्तू पुढे, कोणती मागे याची खोली तपासली जाते, सावल्यांचे वेगळे नकाशे काढले जातात, भिंती-रस्त्यांची टेक्स्चर वाचली जातात, वर प्रकाश आणि धूसरपणाचे हात फिरतात. साठ फ्रेमचं उद्दिष्ट धरलं तर २१.३ जीबीमध्ये एका फ्रेमच्या वाट्याला ३५५ एमबीची ये-जा येते. दोन स्टिक ३२०० ला असतील तर ८५३ एमबी. गेम याच पट्ट्यात कुठेतरी असतो, आणि म्हणून फरक एवढा ठसठशीत पडतो.

त्यातही हे ३५५ एमबी सगळे ग्राफिकचे नाहीतच. प्रोसेसरलाही तिथूनच वाचायचं आहे, आणि पडदा रिफ्रेश करणाऱ्या यंत्रणेलाही. प्रोसेसरच्या कोअरना १६ एमबीची एल३ कॅश आहे, तिच्यात त्यांचं बरंचसं भागतं. या प्रोसेसरमधल्या ग्राफिकला मात्र त्या कॅशचा उपयोग होत नाही. त्याची स्वतःची कॅश अगदी छोटी, त्यामुळे ते ऊठसूट रॅमकडे धावतं. गर्दीच्या रस्त्यावरचे झटके याच भांडणातून आले होते: तिथे गेमला नव्या गाड्या, माणसं, इमारती एसएसडीवरून रॅममध्ये आणायच्या असतात, प्रोसेसर त्यात गुंततो, आणि त्याच क्षणी ग्राफिकही त्याच एका चॅनेलवर टेक्स्चर मागत असतं.

हे मी सांगत असताना वडील मध्येच म्हणाले, “म्हणजे गोदाम मोठं हाय, पण गेट एकच. पोती हायत, गाडी बाहेर निघंना.” यापेक्षा बरं मला सांगता आलं नसतं.

आता जीटी १०३० चं. या कार्डाची दोन रूपं एकाच नावाने विकली गेली. २०१७ साली आलेल्यात जीडीडीआर५ मेमरी, सेकंदाला ४८ जीबी. २०१८ मध्ये आलेल्यात डीडीआर४, आणि तिचा आकडा फक्त १६.८ जीबी. डीडीआर४वालं कार्ड बरंच हळू चालतं, आणि त्याचं मुख्य कारण मेमरीचा हाच फरक. गंमत बघा. वडील जे कार्ड घ्यायला निघाले होते ते डीडीआर४वालं निघालं असतं, तर त्याची मेमरी पोराच्या आत्ताच्या अडलेल्या रॅमपेक्षाही हळू. आणि चांगलं रूप मिळालं असतं तरी ४८ जीबी, म्हणजे दुसरी स्टिक लावल्यावर मशीनला जे मिळणार होतं त्याहून थोडं कमीच.

खरंच रॅमच आहे का, हे कसं ठरवलं

हिशेब जुळला म्हणजे निदान झालं असं नाही. एक बदल, मग मोजणी, मग पुढचा बदल, या शिस्तीने गेलो. मोजायला जीटीए फाइव्हमधलाच बेंचमार्क वापरला, कारण तो दर वेळी तीच दृश्यं त्याच क्रमाने दाखवतो. नुसतं खेळून ‘आता बरं वाटतंय’ म्हणण्याला काही अर्थ नसतो. पाऊस पडत असलेल्या दृश्यात आणि मोकळ्या वाळवंटात एकाच मशीनवर वीस फ्रेमचा फरक पडू शकतो.

सुरुवातीला राखीव मेमरी परत ऑटोवर नेली. फ्रेममध्ये फरक शून्य, विंडोजला रॅम परत मिळाली. सरासरी चाळिशीतच.

मग ग्राफिकचा क्लॉक बायोसमधून मुद्दाम उतरवला, १९०० वरून १६०० मेगाहर्ट्झवर. ही चाचणी फारसं कुणी करत नाही, पण मला ती सगळ्यात बोलकी वाटते. ग्राफिकची ताकद कमी पडत असती, तर सोळा टक्के वेग काढून घेतल्यावर फ्रेमही जवळपास तेवढ्याच घसरायला हव्या होत्या. घसरल्या जेमतेम एक-दोन. म्हणजे ग्राफिककडे ताकद शिल्लक होती आणि ती वाट बघण्यात जात होती. क्लॉक पुन्हा जागेवर आणला.

त्यानंतर एक्सएमपी चालू केलं. हे बऱ्याच घरच्या मशीनमध्ये राहून जातं. रॅमच्या खोक्यावर ३२०० लिहिलेलं असलं, तरी पुष्कळ स्टिकमध्ये तो वेग वेगळ्या प्रोफाइलमध्ये नोंदवलेला असतो. ते प्रोफाइल बायोसमधून निवडेपर्यंत बोर्ड सुरक्षित, हळू वेगाने चालवतो. असूसच्या एएमडी बोर्डांवर यालाच `DOCP` म्हणतात, डीडीआर५च्या एएमडी बोर्डांवर `EXPO` सापडेल. इथे २६६६ चे ३२०० झाले, म्हणजे मेमरीचा वेग वीस टक्के वाढला. फ्रेम चाळीसवरून शेहेचाळीसच्या घरात गेल्या, पंधरा टक्के. ग्राफिकच्या क्लॉकला हात न लावता, रुपया खर्च न करता. मेमरीच्या वेगामागोमाग फ्रेम अशा चालत असतील तर अडथळा कुठे आहे याबद्दल शंका उरत नाही.

शेवटी त्याची स्टिक काढली आणि दुकानातल्या ८ जीबीच्या दोन लावल्या. इथे ३२ जीबी लावून दाखवणं सोपं होतं, पण मग वडील म्हणाले असते की रॅम दुप्पट केली म्हणून वेग वाढला. एकूण सोळाच ठेवली. आधी मुद्दाम एक्सएमपी बंद ठेवून, म्हणजे २६६६ लाच. फ्रेम साठीला टेकल्या. मग एक्सएमपी चालू करून ३२०० ला: सदुसष्टच्या आसपास, आणि गर्दीतले झटके जवळपास गेले.

या आकड्यांत दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. पहिली, २६६६ च्या दोन स्टिकनी ३२०० च्या एका स्टिकला सहज मागे टाकलं. दुकानात मात्र लोक ३२०० की ३६०० यावर अर्धा तास घालवतात आणि एक की दोन हे विचारतही नाहीत. दुसरी, मेमरीचा वेग सुरुवातीच्या तुलनेत २.४ पट झाला, पण फ्रेम वाढल्या दीडपटीहून थोड्या जास्त. त्यात काही फसगत नाही. रस्ता मोकळा झाल्यावर ग्राफिकची स्वतःची ताकद हा पुढचा अडथळा बनला. आता क्लॉक १६०० वर उतरवून बघितला, तर फ्रेम चांगल्याच पडल्या. मघाशी न पडणाऱ्या फ्रेम आता पडतात, याचाच अर्थ ग्राफिक आता खरोखर राबतंय.

ज्यात फरक पडला नाही तेही सांगायला हवं, नाहीतर लोक दुसरी स्टिक टाकून टॅली पळेल म्हणून बसतात. ब्लेंडरमध्ये मॉडेल फिरवणं सुधारलं, कारण ते ग्राफिकवर चालतं. पण सायकल्सने प्रोसेसरवर काढलेलं रेंडर जवळपास तेवढ्याच वेळात झालं, कारण तिथे कोअरचा हिशेब चालतो आणि बराचसा कॅशमध्येच भागतो. मशीन सुरू व्हायला, फायली उघडायला लागणारा वेळ तसूभर बदलला नाही. ज्याच्याकडे स्वतःच्या मेमरीचं वेगळं ग्राफिक कार्ड आहे, त्यालाही एका स्टिकचा तोटा होतो, पण एवढा नाही. कार्डाची मोठी ये-जा त्याच्या स्वतःच्या मेमरीतच होत असते.

काय घ्यायचं

पर्याय दोन होते. त्याच मेकची, त्याच पार्ट नंबरची आणखी एक १६ जीबी घेऊन एकूण ३२ करायची, किंवा आहे ती देऊन ८-८ ची जोडी घ्यायची. वडिलांचा कल उघड होता. “बत्तीस करून काय करायचं? मला पोती न्हाई वाढवायची, गेट पायजे.” पोराचं म्हणणं ब्लेंडरसाठी बत्तीस बरी. दोघांचंही खरं होतं. बोर्डाला स्लॉटच दोन. ८-८ लावली की दोन्ही भरले, उद्या रॅम वाढवायची तर दोन्ही काढून टाकाव्या लागणार. उलट त्या वेळी दुसरी १६ घेणं अदलाबदलीत जोडी घेण्यापेक्षा बरंच महाग पडत होतं. त्याची स्टिक मला दुसऱ्या एका ऑफिस मशीनमध्ये लावता येणार होती, म्हणून ती ठेवून घेतली आणि वरचा थोडा फरक घेऊन जोडी दिली. माझं मत विचाराल तर चार स्लॉटच्या बोर्डावर मी याच पोराला ८-८ बिनधास्त दिली असती. दोन स्लॉटच्या बोर्डावर, पैशाची ओढाताण नसेल तर दुसरी १६ घ्यायला सांगितली असती. पण पैसे कुणाचे ते बघून सल्ला द्यावा लागतो.

जोडी म्हणजे एकाच पाकिटातून आलेल्या दोन स्टिक. वेगवेगळ्या मेकच्या दोन लावल्या तर बहुतेक वेळा चालतात, ड्युअल चॅनेलही मिळतं, पण वेग आणि टायमिंग हळू असणाऱ्या स्टिकप्रमाणे चालतं. कधी एक्सएमपी चालू केलं की मशीन सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन मध्येच निळा पडदा येतो. असं झालं तर वेग एक पायरी उतरवून बघायचा. २९३३ ला ड्युअल हे ३२०० च्या सिंगलपेक्षा कितीतरी चांगलं.

लावताना

मेन स्विच बंद, केबल काढायची, मग पॉवरचं बटण एकदा दाबून साठलेला करंट जाऊ द्यायचा. स्टिकवरची खाच आणि स्लॉटमधला उंचवटा जुळवून दोन्ही टोकांना सारखा दाब द्यायचा, क्लिप आपोआप बसल्याचा आवाज येतो. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिक लावायच्या तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, बहुतेक बोर्डांवर हेच. पुस्तिकेत त्यांना `A2` आणि `B2` म्हटलेलं असतं. शेजारी-शेजारी पहिल्या आणि दुसऱ्यात लावल्या तर दोन्ही एकाच चॅनेलवर बसतात. स्टिक दोन दिसतात आणि चॅनेल एकच चालतं. दोन रॅम असूनही फरक पडला नाही म्हणणाऱ्यांचं कॅबिनेट उघडून मी आधी हेच बघतो.

पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा बराच वेळ काळाच राहिला आणि मशीन एकदा आपलं आपण बंद होऊन परत सुरू झालं. पोराचा चेहरा उतरला. नवी रॅम दिसली की बोर्ड तिच्याशी जुळवून घेतो, त्याला वेळ लागतो. अशा वेळी घाबरून बटण दाबू नये. मग चित्र आलं, विंडोज उघडलं, टास्क मॅनेजरमध्ये `Slots used: 2 of 2` दिसलं. आणि वेग पुन्हा २६६७! रॅम बदलली की बरेच बोर्ड मेमरीची सेटिंग मूळपदावर नेतात. पुष्कळ जण इथेच कॅबिनेट बंद करून टाकतात. पुन्हा बायोस, पुन्हा एक्सएमपी, मग ३२००. सीपीयू-झेडमध्ये `2 x 64-bit` आणि १६०० मेगाहर्ट्झ. त्यानंतर मेमटेस्ट८६ पूर्ण चालवून एकही एरर नाही हे पाहिलं आणि मगच मशीन हातात दिलं. एक्सएमपी हा शेवटी मूळ वेगापेक्षा वरचा वेग असतो. चालतंय असं वाटून सोडलं, तर पुढे ऐन सबमिशनच्या रात्री फाइल खराब होते.

लॅपटॉपवाल्यांसाठी

लॅपटॉपमध्ये हेच दुखणं जास्त सापडतं, कारण तिथे इनबिल्ट ग्राफिकवरच बहुतेकांचं भागतं आणि कंपनी अनेकदा एकच स्टिक घालून देते. इंटेलच्या अकराव्या पिढीच्या आय५, आय७ लॅपटॉपवर तर खूण आयतीच मिळते. खोक्यावर आणि जाहिरातीत आयरिस एक्सई लिहिलेलं, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये मात्र `Intel(R) UHD Graphics`. लोक ड्रायव्हर शोधत बसतात. ड्रायव्हरचा काही दोष नसतो. ड्युअल चॅनेल मेमरी नसेल तर इंटेल त्याच ग्राफिकला आयरिस एक्सई म्हणत नाही. दुसरी स्टिक लावली की नाव बदलून येतं.

काही लॅपटॉपमध्ये ८ जीबी बोर्डावरच सोल्डर केलेली असते आणि एक स्लॉट रिकामा. तिथे ८ ची स्टिक लावली तर सगळी १६ ड्युअलमध्ये चालते. इंटेलच्या मशीनवर १६ ची लावली तर त्यातली ८ आणि बोर्डावरची ८ मिळून ड्युअल, आणि उरलेली ८ एकाच चॅनेलवर. हे वाईट नाही, फक्त कोणता प्रोग्रॅम कोणत्या भागात बसेल ते आपल्या हातात नसतं. आणि ज्यात सगळीच रॅम सोल्डर केलेली आहे, त्यात घेतल्यानंतर काहीही बदलता येत नाही. तो निर्णय दुकानातच, खरेदीआधी घ्यायचा.

डीडीआर५ आल्यापासून एक नवं वाक्य काउंटरवर ऐकू येतं: ‘डीडीआर५ची एक स्टिक म्हणजेच ड्युअल चॅनेल.’ हे अर्धसत्य आहे. डीडीआर५च्या एका स्टिकमध्ये दोन उपचॅनेल असतात हे खरं, पण प्रत्येक ३२ बिटचं. बेरीज ६४ च, म्हणजे डीडीआर४च्या एका स्टिकएवढीच रुंदी. सीपीयू-झेडमध्ये एका स्टिकवर `2 x 32-bit` दिसतं, आणि तो ‘2’ बघून गिऱ्हाईक खूश होतं. दोन स्टिक लावल्यावर `4 x 32-bit` दिसायला हवं. डीडीआर५-५६०० ची एक स्टिक सेकंदाला ४४.८ जीबी देते, दोन ८९.६ देतात. वेग जास्त असल्यामुळे एकट्या स्टिकवरही मशीन बरं चालल्यासारखं वाटतं, पण डीडीआर५वरच्या काही प्रोसेसरमधली इनबिल्ट ग्राफिकही तशीच मोठी झाली आहेत. ८७००जी सारख्या प्रोसेसरवर एकच स्टिक घातली, तर या पोराच्या मशीनचं जे झालं होतं तेच तिथेही होतं.